भीमाबाईचा सारखा वाटा

देवाजीच्या थुंकीत पुन्हा जंतू निघाले, हे कळलं तेव्हा मनकर्णा मेश्रामला पहिल्यांदा राग आला तो देवाजीचाच. नर्सची पांढरी साडी नेसली म्हणजे माणूस संत होत नाही. दोन महिने म्हातारा रोज क्षयकेंद्रावर येऊन सुई घेऊन गेला होता, दिवाळीनंतरच्या तपासणीत थुंकी साफ आली होती, आणि आता नुसत्या गोळ्या गिळायच्या तेवढंच काम उरलं, तर हे. डॉक्टरांनी रिपोर्ट तिच्यापुढे सरकवला आणि म्हणाले, "सिस्टर, तुमचा म्हातारा गोळ्या फेकतो आहे."

"फेकत नाही, सर. मी दर खेपेला उरलेल्या गोळ्या बघते. हिशेब बरोबर असतो."

"मग जंतू काय हवेतून आले?"

 मनकर्णाने रिपोर्ट उचलला आणि पुन्हा वरपासून वाचला.

खरं तर इंदोरा वस्तीतल्या त्या घरासाठी तिने जेवढं डोकं चालवलं होतं तेवढं स्वतःच्या घरासाठीही चालवलं नव्हतं. दोन खोल्यांत तीन पिढ्या. गिरणीतून खोकला घेऊन घरी बसलेला देवाजी, विड्या वळणारी भीमाबाई, गिरणीत बदलीवर, म्हणजे कुणी गैरहजर असेल त्याच्या जागी, कामाला जाणारा मुलगा चंद्रभान, सून सत्यवती, आणि दसऱ्यानंतर जन्मलेली तिची छकुली. क्षय झालेला म्हातारा आणि तान्हं बाळ एका छपराखाली, म्हणजे सगळ्यात आधी बाळाला जपायचं, हे मनकर्णाने पहिल्याच भेटीत ठरवलं. म्हाताऱ्याची बाज पुढच्या खोलीत खिडकीशी. थुंकायला झाकणाचा डबा, त्यात फिनेल. बाळंतीण आणि बाळ मागच्या खोलीत. आईने अंगावर पाजायचं ते सोडायचं नाही. बाळाला तीन महिने गोळीचा लहानसा तुकडा दुधात कुस्करून द्यायचा, तो सत्यवतीने. मग क्षयाची लस टोचायची. म्हाताऱ्याच्या गोळ्या भीमाबाईच्या ताब्यात, कारण त्या घरात भीमाबाईच्या हातून न जाता काहीच कुणाच्या पोटात जात नसे.

हे शेवटचं तर मनकर्णाला फारच आवडलं होतं. भीमाबाई भाकर वाढायला बसली की आधी डोळ्यांनी माणसं मोजी, मग भाकरी मोडी. गूळ असो, मटण असो, आजारी माणसाला आणलेलं संत्रं असो, सगळ्यांना सारखं. "माह्या घरी एकाले जास्त अन् एकाले कमी, असं होत नाही वं," असं ती म्हणे, आणि त्यात तिचा सगळा मान होता. अशा बाईच्या हाती औषध दिलं की निर्धास्त राहावं, असं कुणालाही वाटलं असतं.

चंद्रभान मात्र मनकर्णाच्या नजरेला कधी पडला नव्हता. ती जायची दुपारी, आणि दुपारी तो गिरणीत. सत्यवती एकदा बाळाची झबली घडी करता करता म्हणाली होती, "त्याईनं पोरीले अजून हाती घेतलं नाही, बाई. पोरगी झाली ना." मनकर्णाने मनातल्या मनात त्या माणसाला चार शिव्या हासडल्या आणि विषय सोडून दिला. बापाचा रुसवा काही क्षयाच्या औषधाने जात नाही.

रिपोर्ट आला त्या संध्याकाळी मात्र ती केंद्रात एकटी बसून राहिली आणि आपला बेत उलटासुलटा करून पाहू लागली. गोळ्या संपतात, मग त्या जातात कुठे? गोळी घ्यायची सकाळी, चहा-भाकरीनंतर. आपण जातो दुपारी. म्हणजे औषध आहे की नाही हे आपण बघतो, पण ते पोटात जाताना कधीच बघितलेलं नाही. आणि घरातल्या एका माणसाला तर आपण पाहिलेलंच नाही. तिने दुसऱ्या दिवसाच्या घरभेटींचा सगळा क्रम फिरवला. एरवी बाळंतिणी आणि तान्ही मुलं आधी, खोकल्याची घरं शेवटी, म्हणजे एका घरचं दुखणं आपल्या हातांनी दुसऱ्या घरी जात नाही. उद्या मात्र पहिलं घर देवाजीचं, आणि तिथून केंद्रावर परतून, हात-कपडे साफ करून मगच बाकीची.

जानेवारीची थंडी. ती पोचली तेव्हा भीमाबाई चुलीपुढे बसली होती. देवाजी बाजेवर घोंगडी पांघरून होता, आणि त्याच्याशेजारी भिंतीला टेकून एक वाळका तरुण कपबशी घेऊन बसला होता. भीमाबाईच्या पुढ्यात बशी होती. बशीत एक गोळी. तिने कमरेचा अडकित्ता काढला, सुपारीसारखी गोळी त्यात धरली आणि कटकन दोन तुकडे केले. एक तुकडा नवऱ्याच्या हातावर ठेवला. दुसरा मुलाच्या.

मनकर्णा दारातच उभी राहिली. पिशवी खाली ठेवायचंही तिला सुचलं नाही.

"भीमाबाई! हे काय करून राहिल्या तुम्ही?"

भीमाबाई दचकली नाही. तिला दचकण्यासारखं काही वाटलंच नव्हतं. "ये वं बाई. आज सकाळीच? गोळी देऊन राहिली. तूच तर सांगून गेली, रोज न चुकता."

"ह्याला काहून देता?"

"त्याले बी खोकला हाय ना. दसऱ्यापासून. दोघाईले सारखा खोकला, तर गोळी एकट्या बापानंच खावी का?"

चंद्रभान उठून बाहेर जायला निघाला. मनकर्णा दारातून हलली नाही.

"दसऱ्यापासून? आणि दवाखान्यात नाही आलास? अरे, फुकट मिळतं औषध! तुझं वेगळं, बापाचं वेगळं. एक पैसा लागत नाही!"

"फुकट नाही पडत, बाई." तो खाली बघत बोलला. आवाज बसलेला होता. "बदलीवाला हाव मी. क्षयाचं नाव लागलं का गेटवरूनच वापस. घरात कमावणारा मीच एक. बाबाच्या वेळी पाह्यलं मी. त्याईले नोकरी पक्की होती म्हणून सुटी तरी भेटली. मले कोण देते?"

देवाजी घोंगडीतून नुसता बघत होता. त्याच्या मुठीत अजून तो अर्धा तुकडा होता.

मनकर्णाला ओरडायचं होतं. ओरडली असती, पण मागच्या खोलीतून बाळाचं रडणं ऐकू आलं, आणि ते रडणं बरं नव्हतं. बारीक, किरकिरं, मध्येच थांबणारं. तिने सवयीने वर्तमानपत्र पसरलं, त्यावर पिशवी ठेवली, साबण काढून हात धुतले, एप्रन बांधला. आधी बाळ. काहीही झालं तरी आधी बाळ.

छकुलीचं अंग गरम होतं. काट्याला टांगली तर वजन मागच्या भेटीपेक्षा उतरलेलं.

"चार दिवस झाले, संध्याकाळी अंग तापते," सत्यवती म्हणाली. "पीत बी नाही धड. म्या औषध नाही चुकवलं, बाई. एक दिवस नाही."

"रात्री कोण कुठे झोपतं?"

"मी अन् छकुली इथं. हे पोरगी झाल्यापासून बाहेर आंगणात झोपत. म्या म्हटलं, राग हाय पोरीचा. थंडी वाढली तसे आत आले. इथंच, ह्या भिंतीशी."

दारातून चंद्रभानचा आवाज आला. "राग नव्हता." तेवढंच बोलून तो खोकायला लागला, आणि खोकता खोकता दारापासून लांब, अंगणाच्या पार टोकाला गेला. सत्यवती त्याच्याकडे बघत राहिली. तीन महिने ज्या माणसाचा तिने मनातून तिटकारा केला, तो पोरीला आपला वारा लागू नये म्हणून थंडी सोसवेनाशी होईपर्यंत अंगणात झोपत होता, हे तिला तेव्हा कळलं. ती बाळाला छातीशी धरून ढसाढसा रडायला लागली.

भीमाबाईला मात्र अजूनही उमगलं नव्हतं. मनकर्णा तिच्यासमोर बसली. राग गिळून, जमेल तितक्या हळू आवाजात तिने सांगितलं: गोळी म्हणजे भाकर नाही. अर्ध्या भाकरीने अर्धं पोट भरतं, अर्ध्या गोळीने मात्र जंतू अर्धे मरत नाहीत. ते तग धरतात आणि त्या गोळीला सरावतात. सुई चालू होती तोवर तिने सांभाळून घेतलं. सुई बंद झाली आणि जंतू पुन्हा उठले.

"म्हंजे दोघाईले बी नाही लागलं?"

"नाही."

भीमाबाईने अडकित्ता मिटून बाजूला ठेवला. मग तिने जे विचारलं ते मनकर्णा स्वतःलाही विचारायला घाबरत होती.

"छकुलीले तू जे चिमूटभर देते, ते ह्याच गोळीतलं हाय का?"

"त्याच जातीचं औषध आहे."

"अन् जंतू त्याले सरावले असंन तं?"

मनकर्णाची नजर मागच्या खोलीच्या दाराकडे गेली. भीमाबाईने तोंडात पदर कोंबला. ती रडली नाही, नुसती पुढे-मागे डुलत राहिली.

मनकर्णाने तिथेच बसून नवा बेत केला. बाळ आणि आई आजच, आत्ताच मोठ्या दवाखान्यात. देवाजी आणि चंद्रभान दोघांची थुंकी तपासायला, आणि डॉक्टरांना गोळीची खरी गोष्ट सांगून दोघांना पुन्हा सुई. भीमाबाईचीही तपासणी, तिच्याबद्दल तर कुणी विचारच केला नव्हता. गिरणीचं काय? चंद्रभानने विचारलं नाही आणि मनकर्णाने खोटं आश्वासन दिलं नाही. "डॉक्टरांना चिठ्ठी द्यायला सांगते," एवढंच म्हणाली. चिठ्ठीने बदलीवाल्याला काय मिळतं, ते दोघांनाही माहीत होतं. तरी तो दुपट्टा खांद्यावर टाकून निघाला.

दवाखान्यात बाळाच्या छातीचा फोटो काढला. डाग होता. छकुलीला ठेवून घेतलं, आणि सुई सुरू झाली. लागू पडेल का, ते तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं नाही. बघू, म्हणाले. चंद्रभान व्हरांड्याच्या पायरीवर, उघड्यावर, तोंडाला दुपट्टा बांधून बसून राहिला. सत्यवती मध्येच बाहेर आली आणि त्याच्यापासून थोड्या अंतरावर बसली.

दिवस कलताना भीमाबाई धापा टाकत आली. विड्यांचा वास अंगाला होता. इंदोऱ्याहून पायी आली असावी. तिने मनकर्णाला बाजूला ओढलं, पदराची गाठ सोडली आणि तळहात पुढे केला. त्यावर गोळीचे दोन तुकडे होते. सकाळचेच. बापलेकांनी गिळले नव्हते.

"हे घे, बाई," ती म्हणाली. "दोघाईचा हिस्सा हाय. दोन्ही मिळून एक पुरी होते. सारी छकुलीलेच दे. आता कोणाले वाटा नाही मांगत मी."

मनकर्णाने ते तुकडे तिच्या हातातून घेतले. एवढ्या मोठ्या गोळीने तान्हं बाळ दगावेल आणि छकुलीला आता वेगळं औषध लागतं, हे तिला सांगायचं होतं. पण म्हातारीचा तळहात अजून तसाच पुढे होता, रिकामा. तिने भीमाबाईला भिंतीशी बसवलं, स्वतः तिच्याजवळ बसली, आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागली.