शून्य ते एक

"मले तर समजूनच नाही राहिलं! सर म्हणतात मी उत्तर दाखवलं. पोट्ट्या म्हणतात आम्ही पाहिलंच नाही. मग ते सगळ्यांकडं गेलं कसं?"

प्लायच्या भिंतीपलीकडे मीरा पाण्याची बाटली भरता भरता स्वतःशीच कुरकुरत होती. अलीकडे बसलेल्या विनोदिनीबाईंना शब्द न् शब्द ऐकू आला. तात्यापारा मोहल्ल्यातल्या अनंतराव सरांच्या क्लासात भिंती होत्या त्या फक्त नजरेपुरत्या.

रायपूर राजधानी झालं आणि गल्लोगल्ली क्लास निघाले, पण बारावीचं गणित म्हणजे अनंतराव सर, हे काही बदललं नाही. विनोदिनीबाई बारा वर्षांपासून त्यांच्याकडे पेपर तपासायच्या आणि कच्च्या मुलींकडून नोट्स घोटून घ्यायच्या. कॉलेज त्यांचं अर्ध्यात सुटलेलं. गणित त्या सरांच्या नोट्सवरूनच शिकल्या, भाजी फोडणीला टाकून, एका हातात पान धरून.

कालच्या टेस्टमध्ये एकतीसपैकी बावीस जणींचं एक उत्तर चुकलं होतं, आणि सगळ्यांचं सारखंच. गणित साधं: x गुणिले e चा x² घात, शून्यापासून दोनपर्यंत इंटिग्रेट करा. सरांच्या उत्तरात ½(e⁴ − 1). बावीस पेपरांत ½(e² − 1).

"बावीस जणी स्वतःच्या अकलेनं एकसारख्या चुकतात होय?" सर कडाडले होते. मीरा मधल्या बाकावर बसते, म्हणजे तिचंच पाहून सगळ्यांनी उतरवलं. संध्याकाळी तिच्या वडिलांना बोलावलं होतं. नाव कटणार. बोर्डाला तीन आठवडे उरलेले; आता तिला कोण घेणार?

विनोदिनीबाईंनी पेपर पुन्हा पसरले. कोणी t धरलेला, कोणी u. एकीनं तर मराठीत 'त' लिहिला होता. कॉपी करणारी पोट्टी अक्षर बदलेल, पण खाडाखोडसुद्धा स्वतःची करेल? त्यांनी कोरा कागद घेतला आणि कोणाचंही न पाहता गणित सोडवलं. x² म्हणजे t. x dx म्हणजे अर्धा dt. खाली शून्य, वर दोन. ½(e² − 1).

त्यांनी पेन खाली ठेवलं. मी कोणाची कॉपी केली?

मग त्यांनी सोपं गणित घेतलं, चित्र काढून बघता येईल असं: 2x, शून्यापासून दोनपर्यंत. तो झाला त्रिकोण, पाया दोन, उंची चार, क्षेत्रफळ चार. आता तेच x² ला t धरून. 2x dx म्हणजे नुसता dt, शून्य ते दोन. उत्तर दोन.

अर्धा त्रिकोण गेला कुठं?

दोनदा केलं, तिसऱ्यांदा केलं. शेवटी त्या वरच्या दोनकडे बघत बसल्या. हा दोन x चा. x दोन झाला तर t किती? चार! t च्या घरात x चा पाहुणा बसवला होता. वर चार लिहिला आणि त्रिकोण पुरा झाला. टेस्टचं गणितही जुळलं.

मग हे कुणालाच कसं माहीत नाही? त्यांनी नोट्स उघडल्या. सात उदाहरणं. सातही x² ची, सातही शून्य ते एक. शून्याचा वर्ग शून्य, एकाचा एक. लिमिट, म्हणजे खालचा-वरचा आकडा, बदलत होती, पण बदलून दिसत नव्हती. खाली सरांच्या वळणदार अक्षरात: 'लिमिट तीच ठेवावी.' आजवरच्या टेस्टही अशाच. कालचं गणित तेवढं बोर्डाच्या नमुना पेपरातून आलेलं. सर स्वतः उत्तर काढताना सवयीनं चार लिहून मोकळे झाले असतील.

त्यांनी नोट्सचं पान फिजिक्सच्या नीलकंठ सरांपुढे धरलं. त्यांनी बोट ठेवून ओळ न् ओळ तपासली.

"हव, दीदी. बात तो सही आहे," ते हळूच म्हणाले. "पण तुम्ही नका बोलू. बारा वर्षांच्या नोट्स आहेत. आणि त्यांचा बीपी."

"आणि मीरा?"

नीलकंठ सरांनी चष्मा पुसायला घेतला.

पाच वाजता मीराचे वडील आले, रेल्वेची ड्यूटी अर्धी टाकून. उभेच राहिले. सरांनी रजिस्टर उघडलं.

"एकदा खरं सांग, मीरा. कोणाकोणाला दाखवलंस?"

"सर, मी तर तुमच्या नोट्स..." ती बोलता बोलता थांबली. बापाकडे पाहिलं आणि खाली मान घातली. चूक नोट्सची आहे हे हिला आता कळलंय, विनोदिनीबाईंना वाटलं. बावीसच्या बावीस जणींना माहीत असेल. नीलकंठ सर पंख्याकडे बघत होते. सरांनी पेनाचं टोपण काढलं.

"सर," विनोदिनीबाई म्हणाल्या. त्यांनी नोट्सचं ते पान रजिस्टरवर ठेवलं. "सर, नाव नका काटू. कॉपी कोणी नाही केली. तुम्ही चुकीचं शिकवलंय, आणि मी बारा वर्षं तेच घोटून घेऊन राहिले."