कोपऱ्यातली तारीख

‘एका मिनिटाचं तर काम आहे’ असं गिऱ्हाईक म्हणालं की माझं डोकंच फिरतं. त्या दिवशी माझ्या फोटो-दुरुस्तीच्या दुकानात हे म्हणणारा एक भाऊ होता. सोबत त्याची बहीण होती. तिच्या खांद्यावर सहा महिन्यांची मुलगी पेंगत होती.

फोटो बहिणीचा, ती तेवढीच असतानाचा. खुर्चीत बसलेलं गुटगुटीत बाळ, ठिपक्यांचा फ्रॉक, आणि उजव्या कोपऱ्यात कॅमेऱ्याने छापलेली नारिंगी तारीख, नेमकी फ्रॉकवर. तारीख काढून हवी होती, लेकीच्या फोटोशेजारी लावायला. लहानपणीचा हा एकच फोटो उरलाय, असं तिने सांगितलं. आई ती आठ महिन्यांची असताना घर सोडून गेली आणि बापाने रागाच्या भरात बाकीचे सगळे जाळले. यात आई नव्हती, म्हणून हा वाचला. मग लेकीला थोपटत, रोजचंच काही सांगावं तशी ती म्हणाली की आईने तिला कधी हातातसुद्धा घेतलं नव्हतं. बाबाही तेच सांगायचे, दादाही सांगतो. आता स्वतःची लेक रडली आणि पटकन उचलावंसं वाटलं नाही, की ती घाबरते. आईचंच आपल्यात उतरलं असेल तर?

 मी संगणकावर फोटोचा स्कॅन उघडला.

फोटोच्या मूळ थराला, म्हणजे लेयरला, मी कधी हात लावत नाही. त्याची एक प्रत केली, आकड्यांभोवती शेजारचा तुकडा आणून जागा झाकणाऱ्या पॅच टूलने वेढा काढला आणि फ्रॉकच्या मोकळ्या भागावर ओढून सोडला. सगळा विचका झाला. ठिपके अर्धवट कापले गेले आणि आकड्यांच्या कडेची नारिंगी झाक तशीच राहिली. प्रत फेकून दिली. नव्या रिकाम्या थरावर, आजूबाजूचा रंग घेऊन डाग भरणाऱ्या हीलिंग ब्रशने एकेक आकडा धरला, तर फोटोच्या कडेचा काळपटपणा आत ओघळायला लागला. तेवढ्यात बाळ उठलं आणि रडायला लागलं. बहीण त्याला घेऊन बाहेर फेऱ्या मारायला गेली.

मी लाल, हिरवा, निळा या तिन्ही रंगांचे थर, म्हणजे चॅनल, वेगवेगळे करून पाहिले. ही नारिंगी तारीख लालमध्ये ठणठणीत दिसते, हिरव्यात थोडी, निळ्यात जवळजवळ नाहीच. निळा काळापांढरा करून मोठा केला, आणि माझा हात माऊसवरच थांबला. आकड्यांखाली मला आतापर्यंत वाटलेली फ्रॉकची चुणी नव्हती, बोटं होती. फोटोच्या बाहेरून कुणीतरी बाळाच्या कमरेला धरलं होतं. चार बोटं, घट्ट.

भाऊ माझ्या खुर्चीमागे उभा होता. त्यानेही पाहिलं. मला त्याचा श्वास ऐकू आला.

“ते पुसून टाका,” तो हळू आवाजात म्हणाला. “तिथे फ्रॉक ओढा. ती यायच्या आत.”

हात कुणाचा, मी विचारलं. शेजारच्या बाईचा, म्हणाला, आणि नजर फिरवली. मी म्हटलं, शेजारच्या बाईला एवढं घाबरायचं कारण काय? तो चिडला. पैसे मी देणार आहे, म्हणाला. माझंही पित्त खवळलं. पैसे दाखवून माझ्याकडून काम करून घेणारे मी खूप पाहिलेत. पण खरं सांगते, भीतीही वाटत होती. त्यांच्या घरातलं मला काय ठाऊक? उद्या बहीणभावाचं तुटलं तर पाप माझ्या माथी. पॅचचा वेढा तर मी पुन्हा काढलाही होता. ओढून सोडला असता तर बोटं फ्रॉकखाली गेली असती आणि कुणाला पत्ताही लागला नसता.

दार वाजलं. भावाने पडद्यासमोर सरकायचा प्रयत्न केला. मी खुर्ची सरकवली आणि त्याला वाट दिली नाही.

बहीण आत आली. बाळ शांत झालं होतं. तिने पडद्याकडे पाहिलं आणि जवळ आली. मग भावाकडे वळली.

“दादा, कोण आहे हे?”

शेजारच्या बाईचं नाव तो पुन्हा घेईल, असं मला वाटलं. त्याने तोंड उघडलंही. पण त्याला बहिणीच्या नजरेला नजर देता येईना, आणि तो तिथल्या स्टुलावर बसला.

“तुला बसता येत नव्हतं. सारखी कलंडायचीस,” तो म्हणाला. “बाबा ओरडत होते, हात काढ, फोटोत येतोय. आई म्हणाली, येऊ दे, पडेल ती. सोडलंच नाही तुला.”

 मग तो सांगतच सुटला: मी सात वर्षांचा होतो. मला टाकून गेली ती, तुझ्याहून मी तिला जास्त ओळखत होतो, म्हणून रागही मलाच जास्त. बाबा म्हणाले तेच म्हणत राहिलो, मग म्हणायची सवयच झाली.  मला त्याची कीव आली आणि संतापही आला.

मी कामाला लागले. निळ्यातला काळापांढरा तुकडा आकड्यांपुरता वर ठेवला, त्याचा उजेड जुळवला आणि आकड्यांबाहेर दिसणाऱ्या कातडीचा रंग त्याला दिला. कडा तेवढ्या हीलिंगने मिटवल्या. एकेक आकडा गेला आणि त्याच्या जागी एकेक बोट आलं.

बहीण खुर्ची ओढून माझ्या अगदी जवळ बसली. एक हात लेकीच्या कमरेला होता.

“ताई,” ती म्हणाली, “नखं नीट येऊ द्या.”