अप्पांचा फोन आणि चार पायऱ्या

मंजुश्रीनं नांदेडहून सकाळी आठला लातूरला फोन लावला. रिंग वाजत राहिली, अप्पांनी काही उचलला नाही. परवा उचलला होता, काल नाही. आजही नाही म्हटल्यावर तिच्या हातातली पोळी तव्यावरच करपली.

तिच्या वडिलांच्या, माणिकप्पांच्या, हृदयात स्टेंट बसवून फार दिवस झाले नव्हते आणि घरात ते एकटे. हैदराबादेत असलेल्या वीरेशनं, तिच्या भावानं, कालच निर्वाणीचं सांगितलं होतं, "पुन्हा फोन उचलला न्हाई तर अप्पाला माझ्याकडं आणायचं. घराला कुलूप." अप्पांना लातूर सोडायला लावणं म्हणजे त्यांना जिवंतपणी उपटून काढणं, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

मुळात सगळं सुरू झालं लिंगपूजेपासून. पूजेच्या वेळी फोन खणखणू नये म्हणून अप्पांनी कुणाकडून तरी तो गप्प करून घेतला, आणि तो गप्पच राहिला. लावणाऱ्याला इकडं रिंग ऐकू यायची, तिकडं फोन ढिम्म. पुन्हा पुन्हा लावला तरी तेच. मग वीरेशनं स्वतःच्या फोनच्या सेटिंगचा स्क्रीनशॉट धाडला, सगळा इंग्रजीत, वर लाल बाण. अप्पांच्या फोनची भाषा मराठी. साहेबांनी बाण मारले की काम झालं!

मंजुश्रीनं तो स्क्रीनशॉट समोर ठेवून मराठीत सोपं लिहून काढलं:

१. दातेरी चाकाच्या चित्रावर बोट टेकवा.
२. 'ध्वनी' लिहिलेल्या ओळीवर बोट टेकवा.
३. 'अडथळा नको'वर बोट टेकवा.
४. समोरच्या बटणावर एकदा बोट टेकवा. झालं.

अप्पांच्या शेजारच्या अमृतरावांनी आपल्या झेरॉक्सच्या दुकानातून ते ठळक अक्षरात छापून दिलं. अप्पांना 'अडथळा नको' कुठंच सापडेना. अमृतरावांनी फोन पाहून कळवलं की तिथं 'व्यत्यय आणू नका' असं लिहिलंय. मंजुश्रीनं शब्द दुरुस्त करवून घेतला. त्या दिवशी फोन वाजला, आणि तिला वाटलं, सुटले बाई.

कसलं सुटणं! एक दिवस वाजे, दुसऱ्या दिवशी मुका. कालचं नि आजचं तर लागोपाठ. अमृतराव गावाला गेलेले. पोळीचा धूर खिडकीतून जाईपर्यंतही तिला थांबवेना. पदराला पिन लावत ती स्टँडवर पोहोचली, आणि बसमध्ये अहमदपूर येईपर्यंत फोन लावतच राहिली. शेजारचा माणूस कंटाळून दुसऱ्या सीटवर जाऊन बसला.

लातूरच्या घराचं दार उघडंच होतं. कपाळाला विभूती लावलेले अप्पा पडवीत खुर्चीत बसलेले, ठणठणीत. तिला रडू आणि राग एकदमच आला.

"अप्पा, फोन का उचलत न्हाईत?"

"वाजला की उचलतो की. वाजतच न्हाई. तू कामात असशील म्हणलं."

"त्या कागदावरचं केलं का?"

"म्हंजे काय! रोज करायलोय." अप्पांचा स्वर दुखावला. "पूजा झाली की पहिलं तेच. तू एवढं लिहून दिलंस, मोडीन व्हय? काल तर इसरलोच होतो. मग आज सकाळी बरोबर केलं."

मंजुश्रीनं फोन हातात घेतला. वरच्या कोपऱ्यात गोलात आडवी रेघ दिसत होती, म्हणजे 'व्यत्यय आणू नका' चालूच. फोन गप्प. आज बंद केलं की उद्या तेच बटण दाबून पुन्हा चालू! परवा तिच्याशी बोलून झाल्यावर पूजेनंतर बटण दाबलं नि फोन मुका झाला, काल विसरले म्हणून मुका तो मुकाच राहिला, हे तर तिला पटलं. पण मग आज दाबल्यावर तरी वाजायला हवा होता.

"आज एकदाच दाबलं का, अप्पा?"

अप्पा जरा ओशाळले. "दोनदा. कालचा चुकलेला नेम भरून काढला."

ती खाली बसली. हसावं की रडावं, तिला कळेना. चौथ्या पायरीत बटण दाबल्यावर काय दिसायला हवं ते तिनं लिहिलंच नव्हतं, आणि कधी करायचं तेही नव्हतं. अप्पांनी बिचाऱ्यांनी तिचा शब्द नेमासारखा पाळला होता.

तेवढ्यात तिच्या मोबाइलवर वीरेशचा फोन आला; स्टँडवरूनच तिनं त्याला कळवलं होतं. "निघालात का दोघं?"

"अप्पा इथंच राहतील. चूक माझ्या लिहिण्याची होती. कुलूपबिलूप कायी लागणार न्हाई."

तिनं बटण बंद केलं आणि कागदावर पेनानं ठळक लिहिलं, 'आधी वर बघा. गोलात आडवी रेघ दिसली तरच हे करा. बटण दाबल्यावर रेघ गेली पाहिजे. रेघ नसेल तर काहीच करू नका.'

अप्पांनी चष्मा लावून सगळं वाचलं. चेहरा उतरला.

"म्हंजे रोज करायचं न्हाई?"

"न्हाई ना."

"मग पूजा झाल्यावर करू काय?" ते हळूच म्हणाले. "ते करताना वाटायचं, आता मंजूचा फोन वाजणार. तेवढंच एक काम होतं."

मंजुश्रीनं पेन पुन्हा उघडलं आणि त्याखाली लिहिलं, 'रोज, पूजा झाली की: मंजूला फोन लावा.'