अकरा जणांचं शांत मन

सोळापैकी अकरा माणसं एकच वाक्य बोलली, तर पाणी कुठंतरी मुरतंय हे शेंबडं पोरही सांगेल. मला ते कळायला आठ महिने लागले. आणि कळलं तेव्हा मी भलत्याच माणसावर बोट ठेवलं.

मी अदिती. पीएचडीसाठी नाशिकहून म्हैसूरला आले. विषय, इथल्या जुन्या मराठा घरांच्या धर्माचारातला बदल. पिढ्यान्‌पिढ्या जत्रेला देवीपुढं बकरं कापणारी घरं गेल्या वीस-पंचवीस वर्षांत कोहळा कापू लागली, भजनाला जाऊ लागली. हे का झालं, ते विचारत मी म्हैसूर, वरुणा, सरगूर पालथं घातलं आणि सोळा मुलाखती रेकॉर्ड केल्या.

त्या ऐकून टाइप करायचं काम तुंगाक्काला दिलं. ती कुवेंपुनगरात राहते, शाळेतून निवृत्त. घरात मराठी, बाहेर कन्नड. लोक एका वाक्यात दोन्ही भाषा बोलतात, 'हो'च्या जागी 'हौदु' म्हणतात, ती गुंतवळ सोडवणं माझ्याच्यानं झालं नसतं. गुप्ततेच्या कागदावर तिची सही घेतली, लोकांची नावं बदलली, आणि बजावलं, "माझे प्रश्न टाइप करू नका. नुसतं त्यांचं बोलणं. मला त्यांचा आवाज हवाय." काय तोऱ्यात बोलले होते मी!

कोडिंग म्हणजे माझ्या आईला अजून कॉम्प्युटरची नोकरी वाटते. खरं तर ते धान्य निवडण्यासारखं काम आहे. आधी मुलाखत कुठंही खूण न करता दोनदा वाचायची. मग ओळ-ओळ घेऊन समासात तिचं छोटं नाव लिहायचं, 'सुनेला रक्त बघवत नाही', 'ऑफिसातल्या लोकांची लाज'. हे झाले कोड. मग त्यांची एक वही, त्यात प्रत्येक कोडचा अर्थ, त्यात काय बसतं, काय बसत नाही आणि नमुन्याची एक ओळ. नंतर नात्यातले कोड एकत्र आणून मोठं सूत्र शोधायचं, आणि ते सूत्र घेऊन पुन्हा मुलाखतींकडे जायचं, खरंच तिथं आहे की आपल्याच डोक्यात, ते बघायला. कशातच न बसणाऱ्या ओळींसाठी मी 'इतर' असा एक कोड ठेवला होता. अडगळीची खोलीच ती.

माझं सूत्र झोकात उतरलं, 'शांतीचा शोध'. अकरा जण म्हणत होते, बकरं सोडलं आणि मन शांत झालं. मी प्रकरण लिहून मोकळी झाले.

माझे गाइड चिदंबर सर. दुसऱ्या कुणीतरी स्वतंत्रपणे कोड करून बघावं लागतं, म्हणून माझी खुणांची पानं न बघता, नुसती वही हाताशी घेऊन त्यांनी चार मुलाखती कोड केल्या. मग मला खोलीत बोलावलं.

"कोड जुळले," सर म्हणाले. "पण हे नोडि, बघ जरा. सरगूरचा शेतकरी आणि इथली बँकेतली बाई, दोघंही 'हौदु, मन शांत झालं' म्हणतात. तेवढंच. पुढं एक शब्द नाही. असं बोलतं का कोणी?"

"पण सर, अकरा जण म्हणतात."

"कितीजण म्हणतात ते सोड. हे वाक्य आलं कुठून? टाइप कोणी केलं?"

मी तुंगाक्काचं नाव सांगितलं. सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "बनावट पानांवर मी सही करणार नाही. सोमवारी मला सांग."

पाच वर्षांचं काम! मी चिडले, घाबरले, आणि घाबरलेल्या माणसाला जे सुचतं तेच मला सुचलं, गुन्हेगार शोधायचा. तुंगाक्का स्वतः दर गुरुवारी भजनाला जाते. सोळातले सात जण तिनंच सुचवलेले. फायली इतक्या झटपट कशा आल्या? एकदा म्हणाली होती, "आमची माणसं देवाधर्माचं वाकडं बोलत नाहीत हं." तेव्हा मी हसले होते. आता त्या वाक्यात मला सगळा कट दिसायला लागला. उचलली जीभ लावली टाळ्याला, तशी मी उचलली बोटं आणि सरांना मेल केली, 'तुंगा यांनी उत्तरं स्वतः रचली असावीत.'

शनिवारी सकाळी तिच्या घरी गेले. तिनं कॉफी आणली, कोडुबळे आणले. मी हात लावला नाही.

"अक्का, अकरा जण एकच वाक्य कसं बोलतील?"

तिला माझ्या आवाजावरूनच सगळं कळलं. "मी लिहिलं म्हणतेस?"

"मी विचारतेय फक्त."

"तू ऐकलंस का परत?"

नव्हतं ऐकलं. टाइप केलेलं रेकॉर्डिंगशी ताडून पाहायचं असतं. मी ताडलं नव्हतं आणि प्रबंधात 'ताडून पाहिले' असं लिहून बसले होते.

तिनं लॅपटॉप उघडला, सरगूरच्या रणोजीरावांची मुलाखत लावली. हे नाव मीच त्यांना दिलेलं. आधी माझा आवाज आला. गोड, समजूतदार, कानशिलात मारावीशी वाटणारा.

'मग बकरं सोडल्यावर मन शांत झालं असेल, ना?'

एक म्हैस हंबरली. मग म्हातारा, परगावच्या पोरीचं मन मोडायचं नाही म्हणून, म्हणाला, 'हौदु. मन शांत झालं.'

तुंगाक्कानं दुसरी लावली. तोच प्रश्न. तिसरी. तोच प्रश्न, आणि ती बाई तर माझं वाक्य संपायच्या आतच 'हौदु' म्हणाली.

"तूच म्हणालीस, माझे प्रश्न नको," तुंगाक्का म्हणाली. "मी नाही टाइप केले."

मेल्याहून मेल्यासारखं होणं म्हणजे काय, ते त्या खुर्चीत कळलं.

"थांब, अजून आहे." तिनं रणोजीरावांची मुलाखत शेवटाकडे सरकवली. माझे प्रश्न संपले होते, पिशवीची चेन लावल्याचा आवाज येत होता. आणि म्हातारा आपणहून बोलत होता.

'जत्रेदिवशी मी तळ्याकडं जाऊन बसतो. घरात बसवत नाही. देवी येऊन विचारंल, माझं बकरं कुठं आहे? काय सांगू तिला?'

"हे मी टाइप केलं होतं, अल्वा? केलं होतं ना?" तुंगाक्कानं विचारलं. "काय केलंस त्याचं?"

"'इतर'मध्ये टाकलं."

कॉफी गार झाली होती, ती उचलून तिनं पुन्हा तापवायला नेली. आतूनच विचारलं, "सरांना माझं नाव सांगितलंस?"

"हो."

"मग आता तुझंही सांग."

तिथंच बसून मेल लिहिली. तुंगा यांनी काहीही रचलेलं नाही, वाक्य मी लोकांच्या तोंडात घातलं, ताडून पाहिल्याचंही खोटं लिहिलं. माफी तिच्यासमोर मागितली. ती म्हणाली, "कॉफी घे," आणि माफ केलं की नाही ते अजून सांगितलेलं नाही. सरांचं उत्तर दोन ओळींचं होतं. प्रकरण काढून टाक. सहा महिने वाढवून मागू.

आता तुंगाक्का सगळं टाइप करते, माझे प्रश्न, माझा हुंकार, माझा खोकलासुद्धा. वाचताना मी आधी माझ्याच ओळी कोड करते, आणि जे उत्तर मी सुचवलं होतं ते पुरावा म्हणून धरत नाही. मग 'इतर' उघडलं. न विचारता बोललेल्या त्रेचाळीस ओळी तिथं पडल्या होत्या. एक जण तळ्यावर जातो, एक बाई जत्रेदिवशी माहेरी निघून जाते, एकानं बकऱ्याची घंटा अजून देवघरात ठेवली आहे.

त्या त्रेचाळीस ओळींत 'शांत' हा शब्द एकदाही नाही.