कुटुंबाची पाटी

आमच्या लाखेच्या कारखान्यात रजेचा नियम पहिल्यांदा लिहिला तो मॅनेजर गद्रेसाहेबांनी. साहेब पुण्याचे. गोंदियात येऊन चार वर्षं झाली, तरी इथली माणसं मराठी बोलतात हे त्यांना मान्य नव्हतं. सरकारचे कारखाना इन्स्पेक्टर तपासणीला येणार होते, म्हणून शेठ मुन्नालालजींनी रजेची पाटी लावायला सांगितली, आणि साहेबांनी एका बैठकीत ती लिहून टाकली:

‘सतत एक वर्ष नोकरी झालेल्या इसमास कुटुंबाच्या आजारपणात, जमादार व मॅनेजर यांच्या परवानगीने, सात दिवस भरपगारी रजा मिळेल. विनापरवानगी गैरहजर राहणाऱ्याचे नाव कमी होईल.’

मी, कारकून केवलराम, ती वाचून म्हटलं, साहेब, लोकांना समजायला जरा कठीण जाईल. साहेब म्हणाले, शुद्ध भाषेत लिहिलेल्याचा दुसरा अर्थ निघत नसतो.

पाटी फाटकाशी टांगली गेली आणि अर्थ निघायला लागले. साहेबांच्या लेखी कुटुंब म्हणजे बायको, कारण त्यांच्या घरी बायकोला कुटुंबच म्हणत. त्यामुळे म्हाताऱ्या बापासाठी रजा मागणारा उदेभान हात हलवत परतला आणि दुसऱ्या दिवशी बायको आजारी पडल्याचं सांगून रजा घेऊन गेला. महिन्याभरात कारखान्यातल्या निम्म्या गड्यांच्या बायका अंथरुणाला खिळल्या. त्यातल्या कितीतरी त्याच वेळी आमच्याकडे लाख चाळत बसलेल्या असत. दुधरामला दोन बायका. त्याने चौदा दिवस मागितले, आणि साहेबांनी बोटांवर मोजून दिले. नियम म्हणजे नियम.

माघात मंगलीची आई आजारी पडली. मंगली आमच्याकडे तीन वर्षं लाख निवडत होती, आणि तिच्याइतका साफ हात कारखान्यात दुसरा नव्हता. माहेर कचारगडाच्या बाजूला, जंगलात. साहेब त्या दिवशी नागपूरला गेलेले. तिने जमादार भैय्यालालला विचारलं, तो जा म्हणाला, ती गेली. तिसऱ्या दिवशी आई वारली. सगळं आटोपून मंगली आठव्या दिवशी फाटकावर आली, तर हजेरीतून नाव कमी झालेलं.

साहेबांनी तिला तीन कारणं सांगितली. एक, ‘जमादार व मॅनेजर’ म्हणजे दोघं, आणि तिने एकालाच विचारलं. दोन, पावसाळ्यात लाख वाळत नाही म्हणून कारखाना महिनाभर बंद असतो, तेव्हा तिची नोकरी सतत एक वर्ष झालेलीच नाही. (या हिशेबाने ती कोणाचीच झालेली नव्हती, साहेबांचीसुद्धा. पण हे मी मनातच ठेवलं.) तिसरं कारण त्यांनी मोठ्या समाधानाने सांगितलं. रजा कुटुंबाच्या आजारपणाची. बाईमाणसाला कुटुंब कुठून असणार?

मंगलीने पाटीकडे बघितलं. तिला वाचता येत नव्हतं.

“म्हणजे मी बिमार पडली तर माह्या नवऱ्याले सुटी,” ती म्हणाली, “आन् तो पडला तर मले नाही. माय तर कोणाचीच नाही लागत.”

रोज सकाळी ती फाटकाबाहेर येऊन बसू लागली. भांडली नाही, रडली नाही. मला मात्र जाता-येता लाज वाटायची, आणि लाजेचा मला राग येतो. मी शेठजींकडे गेलो. मंगलीचं नाव काढलं असतं तर त्यांनी साहेबांकडे बोट दाखवलं असतं. म्हणून साळसूदपणे एवढंच विचारलं की शेठजी, कुटुंब म्हणजे नेमकं कोण?

“कुटुंब मतलब पूरा खानदान,” शेठजी म्हणाले, आणि म्हणता म्हणता त्यांचा चेहरा उतरला. “मौसी के देवर को बुखार आया, तो भी छुट्टी?”

पाटीवर तसंच आहे, मी म्हटलं. इन्स्पेक्टर हिंदी वाचणारा निघाला तर पंचाईत. शेठजींनी त्याच दिवशी साहेबांना निरोप धाडला: पाटी बदलायची, आणि लिहिणार केवलराम.

मी कुटुंब हा शब्दच हाकलला. लिहिलं, ते घेऊन जमादाराकडे गेलो, वाचून दाखवलं आणि यातून काय समजलं ते तूच सांग म्हटलं. नवरा, बायको, आई, बाप, सासू, सासरा, मूल, यांच्या आजारात सात दिवस, असं वाचल्यावर भैय्यालालने हिशेब केला: सात माणसं, सात साते एकोणपन्नास. मग मी ‘वर्षातून सगळे मिळून सात’ घातलं. ‘परवानगीने’ वाचल्यावर त्याने विचारलं, कोनाच्या? असं पाच वेळा झालं, तेव्हा कुठे पाटी तयार झाली:

‘१. नाव लागून बारा महिने झालेल्या बाईला किंवा गड्याला रजा मिळेल. पावसाळ्यात कारखाना बंद असतो ते दिवस बारा महिन्यांत धरायचे. २. नवरा, बायको, आई, बाप, सासू, सासरा किंवा मूल आजारी असेल तर वर्षातून सगळे मिळून सात दिवस, भरपगारी. बायका दोन असल्या तरी दिवस सातच. ३. रजा जमादाराला मागायची. मॅनेजरला विचारणं जमादाराचं काम. मॅनेजर गावात नसेल तर जमादार स्वतः देईल. जमादार जा म्हणाला की रजा मिळाली. ४. पहिल्या पाटीचाही अर्थ हाच धरायचा.’

चौथं कलम मंगलीसाठी होतं. साहेब त्यावर अडतील असं वाटलं होतं, पण ते खूष झाले. म्हणजे माझी पाटी चुकीची नव्हतीच, म्हणाले, आणि झोकात सही केली. माणसाचा अहंकार कधी कधी गरिबाच्या कामी येतो.

इन्स्पेक्टर यायच्या दिवशी सकाळी पाटी टांगली. मी मंगलीला बोलावून एकेक कलम वाचून दाखवलं. खरं सांगतो, शाबासकीची वाट बघत होतो. साहेबही येऊन उभे राहिले. तिने नीट ऐकलं आणि विचारलं, “माय तिसऱ्या दिवशी मेली. मंग बाकीचे दिवस?”

साहेबांचे डोळे चमकले. आजारपण मृत्यूने संपतं, ते म्हणाले. तीन दिवस रजा, पुढचे चार गैरहजेरी. नाव कमी ते कमीच.

पाच वेळा वाचून दाखवलं होतं. दोन बायकांचा बंदोबस्त केला होता, पावसाळ्याचा केला होता, आणि मरण विसरलो होतो. भैय्यालालही विसरला होता. जिच्या घरी ते झालं होतं तिला विचारायचं आम्हा शहाण्यांपैकी कोणाला सुचलं नव्हतं.

फाटकापुढे इन्स्पेक्टरचा टांगा थांबला. शेठजी लगबगीने पुढे झाले. मी रंगाच्या डब्यातला कुंचला घेतला आणि शेठजींच्या देखत दुसऱ्या कलमात ‘आजारी असेल’च्या डोक्यावर लिहिलं: ‘किंवा वारलं’. शेठजींनी वाचलं, मान हलवली. साहेबांनी तोंड उघडलं आणि इन्स्पेक्टरकडे बघून मिटलं. खाली त्यांचीच सही होती.

हजेरीत मंगलीचं नाव मी स्वतः चढवलं, सातही दिवसांसकट. आत जाताना ती पाटीपाशी थांबली, ओल्या अक्षरांकडे बोट करून हेच का ते, असं तिने विचारलं. मी हो म्हटलं.

“सगळ्यात मागून लिवलं,” मंगली म्हणाली, “आन् जागा बी नाही ठेवली.”