सहाशे बारा जणांसमोर दिलेलं उत्तर

नाशिकच्या अंबड एमआयडीसीत सल्लागार म्हटलं की लोक आधी हसायचे. ज्याला कंपनीने काढलं, तो दुसऱ्या दिवशी व्हिजिटिंग कार्ड छापतो, असा तिथला समज, आणि तो अगदीच खोटा नव्हता. ललितचं तसं नव्हतं. त्याने नोकरी स्वतःहून सोडली होती आणि काम त्याला खरंच येत होतं. येत नव्हतं ते एकच, स्वतःबद्दल चारचौघांत सांगणं.

ते त्याला ट्विटरवर जमलं. साल २००९. रोज सकाळी एकशे चाळीस अक्षरांत एक कामाची गोष्ट: ड्रिल का तुटतं, कूलंटला वास का येतो, माल परत का येतो. कुणी प्रश्न विचारला की हा आधी दोन उलटे प्रश्न विचारायचा, मग उत्तर द्यायचा. ‘मला काम द्या’ असं त्याने एकदाही लिहिलं नाही. दीड वर्षात पुणे-चाकणचे सहाशे बारा लोक त्याला वाचू लागले, आणि त्यातल्या तिघांनी कामही दिलं.

या गोष्टी त्याला सुचायच्या कुठे? इसाकभाईंच्या वर्कशॉपमध्ये. इसाकभाई बुश, म्हणजे यंत्रात बसणाऱ्या छोट्या पोलादी नळ्या, बनवायचे, पुण्याच्या एका कंपनीसाठी. ललितला पहिलं काम त्यांनीच दिलेलं. त्याला कधीही आत शिरायची मुभा होती, मशीनपाशी उभं राहायची, पॅकिंगवाल्या सुलाबाईंच्या डब्यातली भाकरी खायचीसुद्धा. तिथे पाहिलेलं तो नाव न घेता लिहायचा. इसाकभाईंना त्याचं कौतुकच होतं.

ऑगस्टमध्ये एका दुपारी दिशा नावाच्या पुण्याच्या क्वालिटी इंजिनिअरने त्याला विचारलं, "नाशिकहून येणाऱ्या बुशवर गंजाचे डाग. तेल लावलेलं असतं, तरीही. कारण काय असेल?"

ललितने विचारलं, डाग कसे दिसतात? तिने लिहिलं, अंगठ्याएवढे, गोल.

त्याला कारण कळलं. बुश कुणाचे, हेही कळलं. पण ते त्याने स्वतःला कळू दिलं नाही. महिन्यापूर्वीच त्याने इसाकभाईंना सांगितलं होतं की बायका तेल लावण्याआधी उघड्या हाताने माल उचलतात, घामाचे ठसे राहतात, हातमोजे द्या. "देतो रे, पुढच्या हप्त्यात," ते म्हणाले होते, आणि राहून गेलं होतं.

दिशा त्याला फॉलो करत होती, म्हणजे खासगी निरोप पाठवता आला असता. नुसतं तिच्या नावाने उत्तर सुरू केलं असतं, तरी ते दोघांनाही फॉलो करणाऱ्या मोजक्यांनाच दिसलं असतं. पण उत्तर इतकं नेमकं होतं की त्याला मोह आवरेना. सहाशे बाराच्या सहाशे बारा जणांना दिसावं म्हणून त्याने तिच्या नावाच्या आधी दोन शब्द टाकले: ‘गंज घामाचा @दिशा, पॅकिंगला हातमोजे नाहीत. जेवणाच्या सुट्टीनंतर न सांगता जाऊन बघा.’

वाहवा झाली. चाळीस जणांनी ते त्याच्या नावासकट पुन्हा लिहिलं. ललितने त्या दिवशी घरी जिलेबी नेली.

बुधवारी कंपनीची माणसं जेवणाच्या सुट्टीनंतर, न सांगता, इसाकभाईंच्या दारात उभी राहिली. शनिवारी ऑर्डर बंद झाली. सुलाबाईंसह चौघी घरी बसल्या.

ललित गेला तेव्हा इसाकभाई बंद मशीन पुसत होते. ते आवाज चढवतील, असं त्याला वाटलं. चढवला असता तर बरं झालं असतं.

"अफरीनने दाखवलं कॉम्प्युटरवर," लेकीचं नाव घेऊन ते म्हणाले. "जवाब एकदम बरोबर होता तुझा. चूक माझीच. पण ललित, माझा फोन नंबर तर होता ना तुझ्याकडे?"

ललितला तोंड वर करवेना. आपण मित्र विकला आणि बदल्यात टाळ्या घेतल्या, हे त्याला तिथे उभ्या उभ्या लख्ख समजलं. घरी येऊन त्याने ते उत्तर खोडलं. पण लोकांनी हाताने उतरवून घेतलेल्या चाळीस प्रती होत्या तिथेच राहिल्या, प्रत्येकीवर त्याचं नाव.

पंधरा दिवसांनी त्याच पुण्याच्या कंपनीचा फोन आला. बुशचं काम अंबडमधल्याच यादवांना दिलंय, त्यांना जरा तयार करा. एवढं मोठं काम त्याला आजवर मिळालं नव्हतं. लाज वाटत असूनही त्याने ‘हो’ म्हटलं.

यादवांनी गेटवर येऊन हात जोडले, केबिनमध्ये बसवलं, चहा-बिस्किटं मागवली. "साहेब, तुमचं नाव आता अख्ख्या एमआयडीसीत झालंय," ते म्हणाले. ललित चहा संपवून उठला आणि सवयीने वर्कशॉपच्या दाराकडे वळला. यादव लगबगीने आडवे आले.

"आत नको साहेब," ते हसून म्हणाले. "जे सांगायचं ते इथेच बसून सांगा. आम्ही लिहून घेतो."