पाडव्यापर्यंत

शके १७८६ च्या पौषात वलगावच्या जयवंताकडे अकोल्याहून हिरवं लुगडं आणि काचेच्या बांगड्या आल्या. आणून देणारा नत्थुजी गाडीवान, पाठवणारा सूर्यभान. अमेरिकेतल्या लढाईने कापसाला सोन्याचा भाव आणला होता, आणि गाडीवानही रेशीमकाठी लुगडी घेऊ लागले होते.

जयवंता चोवीस वर्षांची विधवा, पदरी लहानगी कौशल्या. तिच्या जातीत विधवेचा पाट, म्हणजे दुसरं लग्न, लागत असे. गावची रीत अशी, की पाठवलेलं लुगडं पुढच्या बाजाराच्या आत परत धाडलं नाही, तर बाईचा होकार धरायचा. बाजार परवा होता.

सूर्यभान तीन वर्षं आपल्या गाडीतून तिचा कापूस अमरावतीला नेत होता. गावात ज्याच्याशी ती मोकळेपणी थट्टा करी, असा तो एकटाच. पंधरा दिवसांपूर्वी बोजा बांधताना तो म्हणाला होता, "जयवंता, माह्या मनात तूच हायेस. पाट लावतं का माह्याशी?" तिने उत्तर दिलं नाही. दोराची गाठ मारत राहिली. दुसऱ्या दिवशी तो अकोल्याला निघून गेला.

"मी तोंड उघडलं नाही, अन् यानं लुगडं घेतलं!" नत्थुजीसमोर तिने गाठोडं आपटलं. दोन बांगड्या फुटल्या. "मले इचारलं कावून नाही?"

"इचारलं होतं म्हणे."

"मंग उत्तराची वाट पाहाची होती!"

त्याच दुपारी ती नत्थुजीला घेऊन शाळेच्या गोपाळकृष्ण पंतोजींकडे गेली. सोबत लुगडं आणि उरलेल्या बांगड्या होत्या. पंतोजींनी बोरू तासला, दोन ओळी लिहिल्या आणि वाचून दाखवल्या : "तुमचे प्रेम पावले. ईश्वरकृपेने सर्व गोड होईल, धीर धरावा."

"खोडा."

"अहो बाई, रीतीचं लिहिलंय. माणसाचं मन मोडू नये."

"गोड होईल, हे तुमाले कोणी सांगतलं? मले माहीत नाही, अन् तुमाले माहीत हाये?"

पंतोजींनी खोडलं. नत्थुजीने तोड सुचवली, "पोरीचं कारण सांग ना. पाट लागला तर रीतीनं कौशल्या तुह्या दिराकडे राहीन, म्हणून थांब म्हण. त्याले वाईट नाही वाटणार."

"अन् उद्या त्यानं दिराले राजी केलं, त मी हो म्हणाचं? पोरीसाठी नाही अडलं, नत्थुजी. माह्यंच अडलं हाये. तो आला की मले बरं वाटते. पण नवरा म्हणून तो पाहिजे का, हे समजून नाही राहिलं. हेच लिहा, पंतोजी. अकोल्यात कोणीतरी परकाच वाचून दाखवीन, म्हणून आडवळण नको."

पंतोजी दौतीत बोरू बुडवून थांबले. "मग मुदत तरी घाला. नाहीतर तो बिचारा जन्मभर..."

"घाला. चैत्राचा पाडवा."

पत्र असं झालं :

"सूर्यभान, लुगडे परत पाठवीत आहे. दोन बांगड्या रागाने फुटल्या. तू विचारलेस तेव्हा मी गप्प राहिले, ती माझी चूक. पण गप्प राहणे म्हणजे होकार नव्हे, आणि उत्तराआधी लुगडे पाठवलेस, ही तुझी चूक. माझे मन मला कळलेले नाही. हो म्हणेन असे समजून थांबू नकोस. पाडव्याला मी स्वतः सांगेन, हो किंवा नाही. तोवर वस्तू पाठवू नकोस, माझा कापूसही नेऊ नकोस. तू मोकळा आहेस. दुसरीकडे जमले तर मी बोल लावणार नाही."

"शेवटचं फार कठोर आहे," पंतोजी म्हणाले.

"त्याले बांधून ठेवलं त कठोर नाही?"

पहाटे नत्थुजीने गाठोडं आणि पत्र नेलं. दहाव्या दिवशी सूर्यभान रिकामी गाडी घेऊन दारात उभा राहिला. डोळे लाल.

"साऱ्या बाजारात वाचलं गेलं! नाही म्हणाचं होतं सरळ!"

"नाही हेच माहीत असतं, त तसं म्हटलं असतं."

"अन् मी दुसरी केली त?"

"वाईट वाटीन," ती म्हणाली, "पण त्याच्यावरून हो समजू नको."

"मंग आज कापूस तरी भर. अमरावतीलेच चाललो. यात काय हाये?"

"लिहिलं ना? पाडव्यापर्यंत नाही."

"तुह्या लिहिण्याच्या..." तो थांबला. बैलाच्या पाठीवर मारायला उचललेली काठी त्याने जुवावर आपटली. "राग येऊन राहिला मले, जयवंता."

"येऊ दे. मले बी येऊन राहिला."

त्याने पाडव्याला येईन म्हटलं नाही, येणार नाही असंही म्हटलं नाही. गाडी वळवली. जयवंताने कापसाचं गाठोडं डोक्यावर घेतलं आणि त्याच रस्त्याने अमरावतीकडे पायी निघाली. पुढे चाललेल्या त्याच्या गाडीची धूळ तोंडावर येत होती. तिने पदर नाकावर ओढला. गाडी थांबली नाही, आणि तिने हाकही मारली नाही.